दहावीच्या निरोपाचा फलक: मुलगे आणि मुली, दोघांनाही लागू पडेल असं कसं लिहावं

जानेवारी संपत आला की शाळेत दहावीच्या निरोप समारंभाची गडबड सुरू होते. नववीची मुलं वर्गणी काढतात, हॉलमध्ये पताका लागतात, आणि दारासमोरच्या मोठ्या फळ्यावर रंगीत खडूने काय लिहायचं हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्यांकडे येतो. 2020 च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून ज्यांची घरची भाषा हिंदी, गुजराती किंवा कानडी आहे असे सहकारीही हे काम हौसेने अंगावर घेतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि पहिल्यांदाच फळा हाती आलेल्या नव्या शिक्षकांसाठी आहे.

मी पूर्वी दरवर्षी फळ्याच्या शेवटी एकच ओळ लिहायचं ठरवून ठेवलेलं होतं: ‘खूप मोठे व्हा!’ एका वर्षी दहावीतली एक मुलगी मैत्रिणीचा हात धरून फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने ती ओळ मोठ्याने वाचली, पण वाचताना तोंडातून आपोआप ‘खूप मोठ्या व्हा’ असं आलं. तिने चूक काढली नव्हती. तिच्या घरी तिला आणि तिच्या बहिणीला कोणी ‘मोठे व्हा’ म्हणतच नसणार, त्यामुळे तिच्या जिभेने ओळ स्वतःपुरती दुरुस्त करून घेतली. पन्नास जणांच्या वर्गात पंचवीस जणींना निरोपाची ओळ दुरुस्त करून घ्यावी लागत असेल, तर ती ओळ अर्ध्या वर्गालाच लिहिलेली आहे. त्यानंतर मी फलक लिहिण्याची पद्धत बदलली. ती इथे सांगत आहे.

आधी कच्चा मजकूर, मग कन्याशाळेची कसोटी

पहिल्या खेपेला लिंगाचा विचार न करता मनात येईल ते कागदावर उतरवा. सुरुवातीपासून शब्द चाचपत बसलं की ओळी सरकारी परिपत्रकासारख्या कोरड्या होतात. माझ्याच जुन्या वहीतला एक मजकूर उदाहरणाला घेऊ:

> विद्यार्थी मित्रांनो, पहिलीत आला तेव्हा तुम्ही किती छोटे होता! आज तुम्ही मोठे झाला आहात. प्रत्येकजण आपापल्या वाटेने चालला आहे. तुम्ही आमचे लाडके होता आणि लाडकेच राहाल. खूप मोठे व्हा!
> तुमचाच, वर्गशिक्षक

आता हा मजकूर दोनदा वाचा. एकदा हा फळा फक्त मुलींच्या शाळेत लागणार आहे असं समजून, आणि एकदा फक्त मुलग्यांच्या शाळेत. वाचताना जो शब्द बदलावासा वाटेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. व्याकरणाची पुस्तकं उघडण्याआधी ही कसोटी करावी, कारण कान जे पकडतो ते नियम पाठ करूनही सुटून जातं. कन्याशाळेत वाचताना वरच्या मजकुरात ‘मित्रांनो’, ‘आला’, ‘छोटे होता’, ‘मोठे झाला आहात’, ‘प्रत्येकजण’, ‘चालला आहे’, ‘आमचे लाडके’, ‘लाडकेच’ आणि ‘मोठे’ एवढ्या ठिकाणी पेन्सिल थांबते. ‘राहाल’ आणि ‘व्हा’ मात्र जागचे हलत नाहीत. ते का हलत नाहीत, हे समजलं की निम्मं काम झालं.

मराठीत लिंग कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही

मराठी क्रियापद सगळीकडे लिंग दाखवत नाही. भविष्यकाळात ते अजिबात नसतं: मी येईन, तू येशील, तुम्ही याल, ती येईल, तो येईल. हिंदीतून मराठीत आलेल्या सहकाऱ्यांना हे आवर्जून सांगावं लागतं, कारण हिंदीत ‘जाएगा’ आणि ‘जाएगी’ वेगळे असतात आणि त्या सवयीने ते भविष्यकाळातही घाबरत घाबरत लिहितात. आज्ञार्थातही लिंग नाही: या, जा, राहा, कळवा. आशीर्वादाची जी ओकारान्त रूपं आहेत त्यांतही नाही: यश मिळो, आरोग्य लाभो, सगळं मनासारखं होवो. ‘भेटू’, ‘येऊ’, ‘बोलू’ ही रूपं तशीच. म्हणजे निरोपाला ज्या तीन गोष्टी लागतात, पुढचं बोलणं, काही मागणं आणि आशीर्वाद देणं, त्यांना मराठीने आधीच लिंगमुक्त रूपं देऊन ठेवली आहेत. अडचण येते ती आठवणी सांगताना, म्हणजे भूतकाळात.

भूतकाळातही थोडं नीट बघितलं तर वाटा सापडतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याबरोबर लिंग दिसत नाही. ‘आपण इथे हसलो, भांडलो, पावसात भिजलो’ हे वाक्य मुलगे म्हणोत, मुली म्हणोत, एकच राहतं. ‘तुम्ही’बरोबर ‘-लात’ हे रूप सगळ्यांना चालतं: तुम्ही आलात, बसलात, रडलात. फक्त मुलींच्या घोळक्याला काही जण ‘आल्यात’ म्हणतात, पण मिश्र वर्गाला ‘आलात’ म्हटलं तर कोणाच्याही कानाला खटकत नाही. फसगत होते ती ‘आहात’ जोडल्यावर. ‘आलात’ ठीक, पण ‘आला आहात’ म्हटलं की ‘आला’ उघडा पडतो आणि मुलींसाठी ‘आल्या आहात’ हवंसं वाटतं. म्हणून मिश्र वर्गासमोर ‘झाला आहात, चालला आहात, पोहोचला आहात’ ही जोडरूपं टाळावीत. त्यांच्या जागी साधं ‘झालात, पोहोचलात’ किंवा ‘जात आहात’ लिहावं.

‘जात आहे’ या रूपाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. ‘मी जातोय’ आणि ‘मी जातेय’ यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे लगेच कळतं, पण ‘मी जात आहे’ यात कळत नाही. हे रूप लिखाणात सोयीचं आहे. मात्र एका फळ्यावर ते दोनदा-तीनदा आलं की मजकूर नोटीस वाटायला लागतो. ‘आपणांस निरोप देण्यात येत आहे’ हे वाक्य लिंगाच्या बाबतीत निर्दोष आहे आणि मुलांच्या कानावर पडल्या पडल्या थंड पडतं. असली ‘-ण्यात येत आहे’ची वाक्यं फळ्यावर लिहूच नयेत.

माणसांना बाजूला घ्या, वस्तूला पुढे करा

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिने ओळी सुंदरही होतात. मराठीत क्रियापद ज्या नामाशी जुळतं त्याचं लिंग घेतं. नामाला ने, ला, ना, चा, वर असा प्रत्यय किंवा शब्दयोगी लागला की क्रियापद त्याला सोडून दुसऱ्याकडे वळतं. तेव्हा माणसांना प्रत्यय लावून बाजूला घ्यायचं आणि पाय, बाक, डबा, घंटा, आवाज अशा कशाला तरी कर्त्याच्या जागी बसवायचं. ‘तुम्ही मधल्या सुट्टीत जोरात ओरडत होता’ यात ‘होता’ अडतो. ‘मधल्या सुट्टीत तुमचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा’ यात क्रियापद ‘आवाजा’शी जुळलं, माणसं मोकळी झाली, आणि ओळीत ऐकू येण्यासारखं काहीतरी आलं.

सकर्मक क्रियापदांत हे काम भाषा स्वतःच करते. ‘तुम्ही नाटक बसवलंत’, ‘तुम्ही मॅच जिंकलीत’, ‘तुम्ही भरपूर दंगा केलात’: इथे रूप नाटक, मॅच, दंगा यांच्याप्रमाणे बदलतं, तुमच्याप्रमाणे नाही. ‘जिंकलीत’मधला ‘ली’ मुलींचा नसून मॅचचा आहे हे नव्याने मराठी शिकणाऱ्यांना सुरुवातीला खरं वाटत नाही. त्यांनी एवढंच बघावं की मुलग्यांच्या संघालाही आपण ‘मॅच जिंकलीत’ असं म्हणतो.

एक सावधगिरी मात्र हवी. शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे, जेवणे ही क्रियापदं या नियमाला जुमानत नाहीत, ती माणसाशीच जुळतात. ‘मी तुमच्याकडून खूप शिकलो’ किंवा ‘शिकले’ लिहिताच लिहिणाऱ्याचं लिंग आलं. फळा जर दोन-तीन शिक्षकांच्या वतीने असेल तर हे चुकीचंच ठरतं. ‘तुमच्याकडून आम्हाला खूप शिकायला मिळालं’ असं फिरवलं की प्रश्न सुटतो. ‘विसरलो नाही’ऐवजी ‘विसरणार नाही’ लिहावं, कारण ‘-णार’ कोणाचंच लिंग सांगत नाही.

आणि आपल्या भाषेची एक जुनी देणगी आहे, तिच्याकडे शिकलेल्या माणसांचं दुर्लक्ष होतं. मुलगे आणि मुली एकत्र असले की मराठी माणूस सहजपणे नपुंसकलिंगाकडे वळतो. ‘मुलगे’ वेगळे, ‘मुली’ वेगळ्या, पण दोघं मिळून ‘मुलं’, आणि ‘मुलं आली, मुलं निघाली’. कोण हे माहीत नसलं की दारावरची थाप ऐकून आपण ‘कोण आलं?’ असंच विचारतो. निरोपाच्या ओळींत या ‘कोणी’चा फार उपयोग होतो: ‘कोणी गॅदरिंगला नाचलं, कोणी नाटकात वाक्य विसरलं, कोणी शेवटच्या बाकावर बसून गुपचूप डबा संपवला.’ वाचणाऱ्या प्रत्येकाला आणि प्रत्येकीला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. जी मुलं स्वतःला मुलगा किंवा मुलगी यांपैकी कशातच बसवू पाहत नाहीत, तीही या ओळीत न सांगता सामावतात.

याच न्यायाने ‘खूप मोठे व्हा’ची दुरुस्ती अगदी छोटी आहे: ‘खूप मोठं व्हा.’ माझ्या त्या मुलीला हे बदलून वाचावं लागलं नसतं.

विशेषणं, ‘प्रत्येकजण’ आणि इतर लपलेल्या जागा

क्रियापदं साफ केली तरी लिंग दुसरीकडून डोकावतं. मोठा, छोटा, चांगला, लाडका, शहाणा ही आकारान्त विशेषणं बदलतात. हुशार, गुणी, समंजस, यशस्वी, सुखी, प्रिय ही बदलत नाहीत. म्हणून ‘यशस्वी व्हा, सुखी राहा’ निर्धास्तपणे लिहावं. बदलणारं विशेषणच हवं असेल तर त्याच्या पुढच्या नामाला प्रत्यय लावून घ्यावा: ‘लाडके विद्यार्थी’ अडतं, ‘लाडक्या मुलांनो’ अडत नाही, कारण प्रत्ययाआधी पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसक तिन्ही ‘लाडक्या’च होतात.

‘प्रत्येकजण’, ‘प्रत्येकाने’, ‘एकेकाला’, ‘ज्याला त्याला’ हे शब्द सर्वसमावेशक वाटतात, पण मुलींसाठी प्रत्येकजणी, प्रत्येकीने, एकेकीला अशी वेगळी रूपं आहेत. ‘सगळ्यांनी, सगळ्यांना, सगळ्यांचं, ज्यांनी त्यांनी’ असं अनेकवचनात नेलं की फरक मिटतो. ‘सगळे’ एकटं आलं की पुन्हा ‘सगळ्या’ आठवते, तेव्हा तेही प्रत्ययासकट वापरावं.

तिरकी रेघ मारून ‘आलेला/आलेली’ लिहिण्याचा मोह होतो. अर्जाच्या छापील नमुन्यात ते चालतं. फळा मात्र मुलं मोठ्याने वाचतात, आणि रेघ वाचता येत नाही.

आता त्या मजकुराची दुरुस्ती

‘विद्यार्थी मित्रांनो’च्या जागी ‘मुलांनो’ घेतलं. हा शब्द ‘मूल’पासूनही होतो, म्हणून त्यात मुलगे आणि मुली दोन्ही मावतात. थोडं औपचारिक हवं असेल तर ‘मित्रमैत्रिणींनो’ किंवा नुसतं ‘मंडळी’ चालेल. नववीची मुलं फळा लिहीत असतील तर ‘ताई-दादांनो’ हे सगळ्यांत गोड वाटतं, आणि आमच्याकडे मुलं तेच निवडतात.

‘पहिलीत आला तेव्हा तुम्ही किती छोटे होता’ ही ओळ नुसती रूपं बदलूनही सुटली असती, पण ‘छोटे’ या शब्दाने तसं काहीच दिसत नव्हतं. पहिलीतलं मूल छोटं असतं म्हणजे काय असतं, हे आठवून बघितलं. बाकावर बसलं की पाय लोंबकळत राहायचे. मग ‘पाय’ कर्ता झाले. ‘आज तुम्ही मोठे झाला आहात’ला त्याच बाकाचा दुसऱ्या टोकाचा अनुभव मिळाला. ‘प्रत्येकजण आपापल्या वाटेने चालला आहे’ फार मोघम होतं. दहावीनंतर मुलं कुठे कुठे जातात ते भविष्यकाळात लिहिलं, म्हणजे लिंगाचा प्रश्नच उरला नाही. ‘तुम्ही आमचे लाडके’च्या ठिकाणी ‘जीव’ आला, कारण मराठीत माया सांगताना आपण माणसाला विशेषण लावण्यापेक्षा ‘तुझ्यावर जीव आहे’ असंच म्हणतो. तयार झालेला फलक असा:

> मुलांनो,
> पहिलीत बाकावर बसलात तेव्हा पाय जमिनीला टेकायचे नाहीत.
> आज त्याच शाळेच्या बाकाखाली गुडघे मावत नाहीत.
> आता कोणी अकरावीला जाईल, कोणी आयटीआयला, कोणी डिप्लोमाला.
> कुठेही गेलात तरी या शाळेचा तुमच्यावर जीव आहे, आणि राहील.
> खूप मोठं व्हा. निकाल लागला की पेढे घेऊन या!

हा मजकूर पुन्हा कन्याशाळेत आणि मग मुलग्यांच्या शाळेत नेऊन वाचला. पेन्सिल कुठेच थांबली नाही. तरी एक शेवटची पायरी ठेवावी: एखाद्या मुलाला आणि एखाद्या मुलीला ओळी न सांगता मोठ्याने वाचायला द्याव्यात. दोघं अडखळले नाहीत आणि दोघांनी एकही अक्षर बदललं नाही तर फळ्यावर खडू टेकवावा.

सही राहिली. ‘तुमचाच’, ‘आपला नम्र’, ‘आपला विश्वासू’ यांत लिहिणाऱ्याचं लिंग येतं, आणि चार शिक्षकांच्या वतीने लिहिताना ‘तुमचे’ लिहिलं तर त्यातल्या बाई बाजूला पडतात. जुन्या पत्रलेखनातला शेवट इथे कामाला येतो: ‘लोभ असावा.’ त्यातलं क्रियापद लोभाशी जुळतं, लिहिणाऱ्याशी नाही. ‘सस्नेह’ किंवा ‘शुभेच्छांसह’ आणि खाली ‘दहावी अ चे सर्व शिक्षक’ऐवजी ‘दहावी अ च्या शिक्षकवर्गाकडून’ एवढं पुरतं.

एकेकट्यासाठी कार्डं लिहिताना

काही शाळांत प्रत्येक मुलाला छोटं कार्ड देतात आणि सगळ्या कार्डांवर एकच मजकूर छापतात. इथे ‘तू’ हवा असतो, आणि ‘तू’ हा ‘तुम्ही’पेक्षा अवघड आहे. ‘तुम्ही जाता’ सगळ्यांना चालतं, पण ‘तू जातोस’ आणि ‘तू जातेस’ वेगळे. ‘तुम्ही आलात’ चालतं, ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ वेगळे. म्हणून कार्डात वर्तमान आणि भूतकाळातली कर्तरी वाक्यं टाळावीत आणि भविष्यकाळ, आज्ञार्थ, सकर्मक भूतकाळ यांवर भर द्यावा. ‘तू खूप मोठा हो’ अडतं, ‘तुझं नाव खूप मोठं होवो’ सगळ्यांना लागू पडतं. ‘तू वर्गात नसशील तेव्हा तुझी जागा रिकामी दिसेल’ हेही चालेल. ‘तुझी आठवण येईल’ ही ओळ कोणालाही देता येते, पण तिच्या शेजारी हाताने एक खरी आठवण लिहावी. तिथे त्या एका मुलाचं किंवा मुलीचं लिंग आलं तरी काही बिघडत नाही, कारण ती ओळ त्याचीच किंवा तिचीच असते.

तोंडी निरोपाचा शब्द

समारंभात शेवटी माईक हातात येतो. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ वाटतं. ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतो. एकट्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने ते आपापल्या परीने म्हणावं, त्यात काही झाकायचं नाही. कोल्हापूरकडच्या अनेक बायका ‘येतो’ म्हणतात, विदर्भात ‘मी आली’ ऐकू येतं. कोणाच्याही घरच्या बोलीला माईकसमोर दुरुस्त करू नये. पण मुलगे आणि मुली मिळून एका सुरात निरोप घेणार असतील, आणि ओळ पाठ करून म्हणायची असेल, तर ‘येतो’वर अर्धे आणि ‘येते’वर अर्धे असा गोंधळ होतो. आम्ही तो शब्द प्रश्नात फिरवला. नववीची मुलं म्हणाली, ‘या पुन्हा!’ आणि दहावीची सगळी एका आवाजात म्हणाली, ‘येऊ?’